फोनवर बोटाने मराठी लिहायचं कसं: ज्यांना छोटा कीबोर्ड जमत नाही त्यांच्यासाठी

"शुभेच्छा" हा शब्द कागदावर लिहायला फार तर दोन सेकंद लागतात. पण फोनच्या मराठी कीबोर्डवर तोच शब्द आठ वेळा बोट टेकवून येतो, म्हणजे श, उकार, भ, मात्रा, च, पाय मोडायचं चिन्ह, छ आणि काना. त्यातलं ते पाय मोडायचं चिन्ह नेमकं कुठे आहे हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर "शुभेचछा" असं काहीतरी होऊन बसतं. "प्रिस्क्रिप्शन" लिहायचं असेल तर चौदा वेळा. बरं, देवनागरीची सगळी अक्षरं आणि मात्रा बोटभर जागेत बसवायच्या म्हणून बटणं बारीक केलेली असतात, शेजारी ब आणि भ, खाली अजून काहीतरी, आणि ज्यांचं बोट जाड आहे, हात थोडा थरथरतो किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांचं दर तिसरं बटण चुकतं.

दुसरा रस्ता म्हणजे इंग्रजी अक्षरांत kalaji टाईप करायचं आणि फोनने त्याचं "काळजी" करायचं. हे तरुणांना मस्त जमतं. पण ज्यांचं शिक्षण पूर्ण मराठीत झालंय, ज्यांनी आयुष्यभर हिशेबाची वही, पत्रं, अर्ज सगळं मराठीत हाताने लिहिलंय, त्यांना आधी मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवायला लावणं हा उलटा घास आहे. त्यांना लिहिता येतं, नुसतं येत नाही तर उत्तम येतं, फक्त बटणं दाबता येत नाहीत. अशा माणसांसाठी हँडरायटिंग कीबोर्ड आहे, ज्यात बटणांच्या जागी रिकामी पाटी येते, तिच्यावर बोटाने लिहायचं आणि वर टाईप केलेला मजकूर उमटतो.

मी इथे फक्त अँड्रॉइड फोनवरच्या Gboard या गूगलच्या कीबोर्डबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासून असतो किंवा प्ले स्टोअरवरून फुकट घेता येतो. गूगलने २०१५ साली हाताने लिहायचं वेगळं अॅप काढलं होतं, त्यात ८२ भाषा होत्या, नंतर तीच सोय Gboard च्या आतच आली, त्यामुळे आता वेगळं काही शोधत बसायची गरज नाही.

चालू कसं करायचं ते आधी सांगतो. व्हॉट्सअॅप उघडा, कुणाच्याही चॅटमध्ये लिहायच्या जागेवर बोट टेकवा म्हणजे कीबोर्ड वर येईल. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत डाव्या टोकाला चार चौकोनांचं किंवा तसंच एक चिन्ह असतं ते दाबा, त्यात Settings, मग Languages, मग Add keyboard. यादीतून Marathi निवडा. आता मराठीचे वेगवेगळे कीबोर्ड चित्रासारखे एकाशेजारी एक दिसतील, त्यांना बोटाने बाजूला सरकवत जा, त्यात Handwriting नावाचा एक असतो, त्यावर खूण करा, बाकीच्यांची खूण काढून टाका आणि Done दाबा. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर ही नावं मराठीत दिसतील पण क्रम हाच. पहिल्यांदा मराठीची फाईल डाऊनलोड व्हावी लागते, त्यासाठी थोडा वेळ इंटरनेट चालू ठेवा, नाहीतर पाटी येते पण लिहिलेलं काही ओळखत नाही आणि माणूस समजतो की आपलंच अक्षर वाईट.

यात एक गोष्ट मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. कीबोर्डच्या यादीत दोनच ठेवा, एक मराठी हँडरायटिंग आणि एक इंग्रजी. खाली पृथ्वीच्या गोळ्यासारखं चिन्ह असतं ते दाबलं की एकातून दुसऱ्यात जाता येतं. यादीत हिंदी, दोन प्रकारची मराठी, इंग्रजी असे चार-पाच कीबोर्ड असले की तो गोळा दाबत दाबत माणूस हरवतो, मग चुकून हिंदीच्या पाटीवर मराठी लिहिलं जातं आणि ळ असलेल्या शब्दांचं भलतंच काही होतं, आणि कारण कळतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे, खालच्या लांब स्पेसच्या बटणावर भाषेचं नाव लिहिलेलं असतं, तिथे मराठी आहे ना तेवढं बघायचं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे फोन ओळखतो कसं. हे समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लहानपणी आपण एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षर काढून "ओळख बघू काय लिहिलं" असं खेळायचो. पाठीला अक्षराचं चित्र दिसत नाही, तिला फक्त बोट कुठून निघालं, कसं वळलं, कधी उचललं आणि परत कुठे टेकलं एवढंच कळतं. फोनचंही तसंच आहे. तो तुम्ही काढलेल्या अक्षराचा फोटो काढून बघत नाही, तो बोटाचा प्रवास बघतो. बोट टेकल्यापासून उचलेपर्यंतची एक रेघ, मग दुसरी, मग तिसरी, अशा रेघा क्रमाने साठवतो. २०१९ मध्ये गूगलने यातली ओळखायची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत त्या रेघांचे छोट्या छोट्या वळणांत तुकडे केले जातात आणि वळणांची ती पूर्ण माळ बघून फोन अख्खा शब्द ओळखायचा प्रयत्न करतो, आधी एक अक्षर कापून काढायचं मग दुसरं असं करत नाही. आणि हे सगळं फोनच्या आतच होतं, एकदा मराठीची फाईल आली की नेट बंद असलं तरी पाटी चालते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे अक्षर सुंदर असायची गरज नाही, वळणं खरी असली पाहिजेत. डॉक्टरसारखं घाईचं अक्षरसुद्धा ओळखलं जातं पण गाठ न मारता नुसती सरळ रेघ ओढलेलं अक्षर नाही. दुसरी म्हणजे शब्द जर नेहमीच्या वापरातला असेल तर फोन अर्ध्या रेघांवरूनही बरोबर ओळखतो, कारण कुठल्या अक्षरापुढे कुठलं अक्षर येतं याचाही त्याला अंदाज असतो. पण तोच अंदाज आडनावाला, गावाच्या नावाला आडवा येतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

लिहायचा क्रम मात्र कागदावरचाच ठेवायचा, आणि माझ्या मते जुन्या माणसांसाठी हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. "किती" मधली पहिली वेलांटी आपण क च्या आधी, डाव्या बाजूला काढतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र ती क च्या नंतर साठवलेली असते, त्यामुळे कीबोर्डवर आधी क आणि मग वेलांटी दाबावी लागते, आणि कागदाची सवय असलेला माणूस हमखास आधी वेलांटी दाबतो आणि ती एका ठिपक्यांच्या गोलाला लटकून बसते. रफाराचं याच्या उलट. "कार्यक्रम" लिहिताना आपण य काढून झाल्यावर त्याच्या डोक्यावर रफार देतो, पण कीबोर्डवर र आधी, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. हाताने लिहिताना या भानगडीत पडायचंच नाही. वेलांटी आधी काढा, रफार नंतर द्या, अनुस्वाराचं टिंब सगळ्यात शेवटी द्या, फोन त्याच्या क्रमाने आतमध्ये लावून घेतो. मराठी वळणाचा ल आणि श, जो २००९ साली शासनाने प्रमाण म्हणून सांगितलाय, तोच काढा. उमटताना तो हिंदी वळणाचा दिसला तर घाबरू नका, अक्षर तेच आहे, समोरच्याच्या फोनवर कुठला फॉन्ट आहे त्यावर ते कसं दिसणार हे ठरतं.

आता एक खरा मेसेज घेऊन बघू. माझे मामा मावळात असतात, भातशेती आहे, वय सत्तरच्या पुढे, अक्षर एकदम टपोरं. त्यांना माझ्या आईला एवढंच कळवायचं होतं:

"ताई, भाताची लावणी झाली. पवना धरणात पाणी बऱ्यापैकी आहे. तुझं लाईटबिल भरलं. काळजी करू नको."

"ताई" आलं लगेच. स्वल्पविराम पाटीवर काढायच्या भानगडीत पडू नका, तो खाली बटणावर असतो, पूर्णविरामही तिथेच. बोटाने काढलेला पूर्णविराम म्हणजे नुसतं टिंब, आणि ते फोनला अनुस्वार वाटू शकतं किंवा काहीच वाटत नाही.

पुढे "भाताची". मामांनी सवयीप्रमाणे आधी अक्षरं काढली आणि शेवटी वरून एका दमात शिरोरेषा ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उमटलं "माताची". मामा म्हणाले, "अरे, मी भ काढलाय की, हे म कुठून आलं?" भ बरोबरच काढला होता, घोटाळा शिरोरेषेचा होता. भ आणि म मध्ये फरक कुठे आहे बघा. भ ला डावीकडे वर छोटी गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटलेली असते, म वर मात्र ती सलग जाते. ध आणि घ चं तसंच, ध च्या डोक्यावर डावीकडे वळण असतं आणि शिरोरेषा त्या वळणानंतर सुरू होते. कागदावर आपण वाचताना संदर्भाने ओळखतो म्हणून सरसकट रेघ ओढली तरी खपून जातं. इथे ती सलग रेघ गाठीवरून गेली की भ चा म आणि ध चा घ होतो. मग "बिल भरलं" चं "बिल मरलं" आणि "धर" चं "घर". भ आणि ध असलेल्या शब्दांवर शिरोरेषा देताना तेवढी जागा मोकळी सोडायची, किंवा मग शिरोरेषा द्यायचीच नाही.

हो, शिरोरेषा न देता लिहिलं तरी चालतं, फोन बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, आणि घाईत मी तसंच लिहितो. फक्त तेव्हा अक्षरांमधलं अंतर सांभाळायला लागतं. ख मोकळा काढला तर "रव" होतो, ग चा काना लांब गेला तर पुढच्या अक्षराला चिकटतो. ज्यांना शिरोरेषेशिवाय हात चालत नाही त्यांनी ती द्यावी, ज्यांना सोडता येते त्यांनी सोडावी, पण एकाच शब्दात अर्ध्यावर देऊन अर्धी सोडू नये, तेव्हा शब्द मध्येच तुटायची शक्यता जास्त.

"लावणी झाली" पहिल्या झटक्यात आलं. "पवना" लिहिताना वेगळीच गंमत झाली, म्हणजे त्यांनी शिरोरेषा ओढली आणि अख्खी पाटीच गायब झाली. दोनदा तसंच झालं. मामांना वाटलं फोन बिघडला. झालं असं होतं की शिरोरेषा त्यांनी अगदी डाव्या कडेपासून सुरू केली होती. हल्लीच्या फोनमध्ये खाली तीन बटणं नसतात, कडेवरून आत बोट सरकवलं की फोन "मागे जा" असं समजतो, आणि कीबोर्ड उघडा असताना मागे जा म्हणजे कीबोर्ड बंद. त्यामुळे कडेपासून अंगठ्याएवढी जागा सोडून लिहायला सुरुवात करायची, डावीकडेही आणि उजवीकडेही. तरीही होत राहिलं तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेव्हिगेशनसाठी परत तीन बटणांची पद्धत लावून टाकायची. मामांच्या फोनवर मी तेच केलं, तो त्रास तिथेच संपला आणि तीन बटणं त्यांना एरवीही सोयीची पडली.

मग "बऱ्यापैकी". इथे मराठीचा खास र आहे, दऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड यांच्यातला, य किंवा ह च्या आधी छोट्या कोयत्यासारखा निघणारा. हिंदीत तो नाही. बोटाने काढताना तो बारीक होतो आणि मग फोन एकतर त्याला सोडून देतो आणि "बयापैकी" करतो, नाहीतर रफार समजून "बर्यापैकी" करतो. इथे वरची पट्टी कामाला येते. पाटीच्या वर फोन दोन-तीन पर्याय दाखवत असतो, जो त्याला सगळ्यात बरोबर वाटतो तो मजकुरात जातो आणि बाकीचे पट्टीत असतात. बरेच जण तिकडे बघतच नाहीत, शब्द चुकला की खोडतात आणि परत लिहितात, परत चुकतो, परत खोडतात. आधी पट्टीत नजर टाका, पाहिजे तो शब्द तिथे असला तर नुसतं बोट टेकवायचं. बऱ्यापैकी पट्टीत नव्हता. मग तो र चांगला मोठा, अक्षराएवढ्या उंचीचा काढायला सांगितला आणि पुढच्या य ला नीट चिकटवायला सांगितला, तेव्हा आला. जे शब्द काही केल्या येत नाहीत आणि आपल्याला सारखे लागतात, म्हणजे आपलं आडनाव, गावाचं नाव, पूर्ण पत्ता, ते घरातल्या कुणाकडून एकदा नीट टाईप करून घ्या, कॉपी करा आणि Gboard च्या Clipboard मध्ये पिन करून ठेवा. वरच्या पट्टीतलं क्लिपबोर्डचं चिन्ह दाबायचं आणि तो शब्द निवडायचा, दर वेळी झगडायला नको.

आडनावांचं कारण मघाशी अर्धवट सोडलं होतं. "घर" लिहिताना घ जरा चुकला तरी फोनला माहीत आहे की घर हा शब्द सारखा येतो, तो सांभाळून घेतो. पण "मोघे" लिहिलं आणि घ ध सारखा झाला तर सांभाळणारं कुणी नाही, "मोधे" उमटणार. म्हणजे ओळखीच्या शब्दाला अक्षर कसंही चालतं, नावाला मात्र शाळेतल्यासारखं सुटं आणि स्वच्छ काढावं लागतं. खेड्यापाड्यांची नावं, देवाची नावं, घरात हाक मारायची नावं सगळी यात आली. नाव लिहायच्या वेळी वेग कमी करायचा आणि पाठवायच्या आधी तेवढा शब्द परत वाचायचा.

वेग कमी करायचा म्हटलं पण त्यात एक अडचण आहे, आणि हळू लिहिणाऱ्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. तुम्ही बोट उचललं की फोन थोडा वेळ वाट बघतो, पुढची रेघ आली तर ठीक, नाही आली तर शब्द संपला असं धरतो, पाटीवरची शाई पुसून टाकतो आणि उमटलेला शब्द पक्का करतो. मामांनी "काळजी" लिहिताना "का" काढला, मग ळ कसा काढायचा म्हणून क्षणभर थांबले, तेवढ्यात "का" पक्का होऊन गेला, पाटी कोरी झाली, मग "ळजी" वेगळा लिहिला गेला. फोनला तो वेगळाच शब्द वाटला, आणि "ळजी" नावाचा शब्द मराठीत नसल्यामुळे त्याने जवळचं काहीतरी शोधून टाकलं. तुमच्याकडे हेच होतंय का हे ओळखायचं असेल तर शाईकडे बघा. शब्द पूर्ण व्हायच्या आधी तुमची रेघ गायब होत असेल तर अक्षरात काही दोष नाही, थांबा जास्त होतोय.

यावर उपाय असा की शब्द आधी मनात म्हणायचा, पूर्ण ठरवायचा आणि मग बोट टेकवायचं, मध्ये थांबायचं नाही. थांबायचं असेल तर शब्द संपल्यावर हवं तेवढं थांबा, कुणी घाई करत नाही. लांब शब्द एका दमात होत नसेल तर मुद्दाम तोडून लिहा पण तोडायची जागा आपण ठरवायची, म्हणजे "लाईटबिल" हा "लाईट" आणि "बिल" असा. दोन्ही तुकडे स्वतः पूर्ण शब्द आहेत म्हणून दोन्ही बरोबर ओळखले जातात, मध्ये जागा सुटली तर ती खोडायच्या बटणाने काढायची किंवा खरं सांगायचं तर राहू द्यायची, वाचणाऱ्याला कळतं. "काळजी" सारखा शब्द मात्र तोडू नका, "ळजी" ला एकट्याला काही अर्थ नाही.

पाटी छोटी पडते ही तक्रारही रास्त आहे. उभ्या फोनवर तीन-चार अक्षरं मोठी बसतात, त्यापुढे जागा संपते आणि शेवटचं अक्षर कोंबलं जातं, आणि कोंबलेलं अक्षर हमखास चुकतं. फोन आडवा केला, म्हणजे ऑटो रोटेट चालू ठेवून, तर पाटीची रुंदी जवळजवळ दुप्पट होते. "महानगरपालिका" सारखा शब्द लिहायला आडवा फोनच बरा. उभ्यामध्येच लिहायचं असेल तर कीबोर्डच्या चार चौकोनांच्या मेनूत Resize असतं, त्यातून पाटीची उंची वाढवता येते. उंची वाढली की उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं यांना खाली जागा मिळते, वर वेलांट्या आणि मात्रांना मिळते. मराठी अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते हे विसरून लोक पाटीच्या अगदी वरच्या काठाला लिहायला लागतात, मग मात्रा पाटीच्या बाहेर जाते आणि पट्टीतला भलताच शब्द दाबला जातो. मधोमध लिहा.

हात थरथरत असेल तर मोठं लिहा. लहान अक्षरात थरथर वळणाएवढी होते आणि फोनला गाठ कुठली आणि कंप कुठला हे कळत नाही, मोठ्या अक्षरात ती बारीक नागमोडी राहते आणि फोन तिकडे दुर्लक्ष करतो. फोन हातात न धरता टेबलावर ठेवा. रबरी टोकाचं स्टायलस पेन स्वस्तात मिळतं, पेन धरायची सवय असलेल्यांना ते बोटापेक्षा बरं वाटतं, पण त्यात एक लक्षात ठेवायला लागतं. कागदावर लिहिताना आपण तळहात टेकवतो, फोनवर टेकवला तर फोनला तेही बोटच वाटतं आणि मध्येच रेघा उमटतात किंवा खालचं बटण दाबलं जातं. मनगट फोनच्या खाली टेबलावर टेकवायचं, काचेवर नाही. आणि काचेवर जाड, जुनी, फुगे आलेली प्लास्टिकची फिल्म असेल तर आधी ती बदला, रेघ मध्ये मध्ये तुटत असेल तर बहुतेक वेळा कारण तीच असते किंवा ओलं बोट.

आकड्यांचं मात्र कडकपणे सांगतो, पैशाचा किंवा फोन नंबरचा आकडा पाटीवर बोटाने लिहू नका. मराठी १ आणि इंग्रजी 9 दिसायला जवळ, मराठी ५ आणि इंग्रजी 4 जवळ, आणि फोनला तुम्ही कुठल्या लिपीतला आकडा काढताय हे रेघेवरून ठरवायला लागतं. शब्द चुकला तर वाचणारा समजून घेतो, आकडा चुकला तर कुणालाच कळत नाही कारण प्रत्येक आकडा बरोबरच दिसतो. "१५०० पाठवले" मधला आकडा गोळा दाबून इंग्रजी कीबोर्डवर जाऊन तिथल्या आकड्यांच्या पानावरून टाका. बँकेचा पासवर्ड, पिन, ओटीपी यांनाही पाटी वापरायची नाही.

कुठे वापरू नये हे सांगितलं तर अजून एक. दोन पानांचं पत्र किंवा मोठा मजकूर असेल तर बोटाने लिहून हात दुखतो, तिथे माईकचं बटण दाबून बोलून लिहिणं बरं, आणि मग त्यातले चुकलेले शब्द तेवढे पाटीवर हाताने दुरुस्त करायचे. पाटीचा खरा उपयोग दोन-चार ओळींच्या मेसेजला, बसमध्ये किंवा दवाखान्यात बसलेलो असताना मोठ्याने बोलता येत नाही तेव्हा, आणि गूगलवर किंवा यूट्यूबवर एखादा शब्द शोधायला. शोधताना तर फारच सोपं, दोन शब्द लिहिले की खाली यादी येते.

फोन अपडेट झाल्यावर किंवा नवा फोन घेतल्यावर पाटी दिसेनाशी होते, तेव्हा लोक परत पहिल्यापासून घाबरतात. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं की फोन कंपनीने तिचा स्वतःचा कीबोर्ड पुढे आणलेला असतो आणि Gboard मागे गेलेला असतो. फोनच्या सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी keyboard असं टाकलं की कुठला कीबोर्ड चालू आहे ते दिसतं, तिथे Gboard निवडायचा. नवा फोन असेल तर त्यात मराठी आणि Handwriting परत एकदा वर सांगितलं तसं जोडायचं, पिन करून ठेवलेली नावं पण परत करायला लागू शकतात, म्हणून ती एका चिठ्ठीवर किंवा स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये जपून ठेवा.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडक्यात. जीमेलच्या सेटिंगमध्ये Input tools चालू करून त्यात मराठीच्या पुढे पेन्सिलीचं चित्र असलेला पर्याय निवडला की स्क्रीनवर छोटी पाटी येते आणि माऊसने लिहिता येतं. पण माऊसने वळण काढणं बोटापेक्षा बरंच अवघड आहे, तिथे पूर्ण शब्द लिहायला जाऊ नका, एकेक दोन-दोन अक्षरं काढा आणि दिसणाऱ्या पर्यायांतून निवडत जा. एखादा ऱ्या किंवा ज्ञ कीबोर्डवर सापडत नाही तेवढ्यापुरतं ते कामाचं आहे, रोजच्या लिहिण्याला नाही.